गोळी कुटल्यावर आणि पाणी गरम केल्यावर अभिक्रिया लवकर का होते: फसफसणाऱ्या गोळीची चाचणी नीट कशी करावी

पाण्यात टाकल्यावर फसफसणाऱ्या गोळीची चाचणी बरेच जण घरी किंवा वर्गात करतात. एक गोळी अख्खी, एक कुटलेली, एक थंड पाण्यात, एक गरम पाण्यात. वेळ मोजायचा आणि तुलना करायची. सोपं वाटतं, पण निष्कर्ष बऱ्याचदा चुकतात. कुणी गोळीचे चार तुकडे करून पाहतो आणि "तुकडे केल्याने काही फरक पडत नाही" असं लिहितो. कुणी गरम पाण्यात जास्त बुडबुडे पाहून "गरम पाण्यात जास्त वायू तयार होतो" असं समजतो. कुणी कुटलेली गोळी थेट गरम पाण्यात टाकतो, आणि मग वेग कशामुळे वाढला हे त्याला सांगता येत नाही.

या तिन्ही चुका टाळायच्या तर कामाचा क्रम ठरवून घ्यावा लागतो. त्याआधी घड्याळ नेमकं काय मोजणार आहे हे समजून घ्यावं लागतं. तिथूनच सुरुवात करू.

## टप्पा १: आपण कशाचा वेळ मोजतो आहोत ते आधी ठरवा

या गोळीत दोन मुख्य पदार्थ असतात: सोडियम बायकार्बोनेट म्हणजे खायचा सोडा, आणि सायट्रिक आम्ल. कोरड्या गोळीत ते एकमेकांना चिकटून बसलेले असतात, तरी काही घडत नाही. दोघांचेही कण घन पदार्थात जखडलेले असतात. पाणी लागलं की पृष्ठभागावरचे कण सुटतात, पाण्यात एकमेकांना भेटतात आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतो. बुडबुडे त्याचेच.

म्हणजे इथे दोन कामं एकापाठोपाठ चालतात. आधी घन पदार्थातून कण सुटून पाण्यात येतात, मग आम्ल आणि सोडा यांची अभिक्रिया होते. यातलं सावकाश होणारं काम कोणतं, हे पाहायला एक छोटी चाचणी पुरते. एका ग्लासात चमचाभर सायट्रिक आम्ल पूर्ण विरघळवा, दुसऱ्यात चमचाभर खायचा सोडा पूर्ण विरघळवा, आणि एक द्रावण दुसऱ्यात ओता. ओतताक्षणीच फेस उसळतो. वाट पाहावी लागत नाही, कारण कण आधीच सुटे झालेले आहेत. गोळीच्या बाबतीत मिनिटभर लागतो तो मुख्यतः कण सुटे होण्यासाठी.

पुढच्या सगळ्या नोंदी याच नजरेने वाचायच्या आहेत. आपलं घड्याळ विरघळण्याचा वेळ मोजतं. गोळी कुटल्याने आणि पाणी तापवल्याने याच कामाला वेग येतो, पण दोन वेगळ्या वाटांनी.

सावधान: हे मिश्रण कधीही झाकणबंद बाटलीत करू नका. एका गोळीतून काहीशे मिलिलिटर वायू निघू शकतो. बंद भांड्यात दाब वाढून झाकण उडतं किंवा भांडं फुटतं. द्रावणं एकत्र करण्याची चाचणीसुद्धा मोठ्या ग्लासात करा, नाहीतर फेस उतू जातो.

## टप्पा २: सामान आणि गोळ्यांची तयारी

गोळ्या एकाच ट्यूबमधल्या घ्या. क जीवनसत्त्वाच्या फसफसणाऱ्या गोळ्या यासाठी चांगल्या. वेदनाशामक किंवा तापाच्या गोळ्या वापरू नका. औषध असलेलं उरलेलं द्रावण चुकून कुणी प्यायलं तर अडचण होईल. साधारण पंधरा गोळ्या लागतील, आणि शेवटचा टप्पा करायचा असेल तर आणखी चार.

ट्यूबचं झाकण लगेच घट्ट लावत जा. त्या झाकणात ओलावा शोषणारे दाणे भरलेले असतात, ते उगाच नसतात. हवेतला ओलावा गोळीला लागला की पृष्ठभागावर अभिक्रिया हळूहळू सुरू होते. अशी गोळी मऊ पडते, किंचित फुगते, तिच्या कडा खडबडीत होतात, आणि ती पाण्यात टाकल्यावर वेगळी वागते. सगळ्या गोळ्या आधी काढून ताटलीत मांडून ठेवणं ही सर्रास होणारी चूक आहे. त्यात पहिली गोळी कोरडी असते आणि शेवटची अर्धी बिघडलेली.

बाकीचं सामान असं:

- एकसारखे तीन पारदर्शक ग्लास. पाणी २०० मिलिलिटरच घ्यायचं आहे, पण ग्लास निदान ४०० मिलिलिटरचे हवेत. कुटलेल्या गोळीचा फेस बराच वर येतो.
- मोजपात्र.
- ० ते १०० अंश सेल्सिअस दाखवणारा थर्मामीटर. ताप मोजायचा थर्मामीटर इथे चालत नाही, कारण त्यावर शरीराच्या तापमानाच्या आसपासचे मोजकेच अंश असतात.
- ०.१ ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा काटा.
- मोबाइलमधलं स्टॉपवॉच.
- जाड कोरडा कागद आणि कुटण्यासाठी जड चमचा किंवा खलबत्ता.

तपासा: तीन गोळ्यांचं वेगवेगळं वजन करा. तिन्ही वजनं ०.१ ग्रॅमच्या आत जुळली तर गोळ्या तुलनेला योग्य आहेत. एखादीचा कोपरा उडाला असेल तर ती सरावासाठी ठेवा.

## टप्पा ३: सुरुवात आणि शेवट यांचा नियम लिहून ठेवा

आकडे सगळ्यात जास्त बिघडतात ते इथेच, म्हणून हा टप्पा उरकून टाकू नका.

शेवट कधी धरायचा? गोळी दिसेनाशी झाली तेव्हा, बुडबुडे थांबले तेव्हा, की फेस बसला तेव्हा? हे तीन क्षण वेगळे असतात आणि त्यांत बराच अंतर पडतं. विशेषतः बुडबुडे: शेवटचा कण विरघळल्यावरही पाण्यात मुरलेला वायू बराच वेळ बारीक बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर येत राहतो. तो नवा तयार होत नसतो, आधी तयार झालेला सुटत असतो. म्हणून बुडबुडे थांबण्याची वाट पाहिली तर आपण दुसऱ्याच गोष्टीचा वेळ मोजू. नियम एकच ठेवा: शेवटचा घन कण दिसेनासा झाला की घड्याळ थांबवायचं. ग्लासमागे काळा कागद धरा, डोळे पाण्याच्या पातळीवर आणा, आणि फेसाच्या खालच्या बाजूला एखादा तुकडा चिकटलाय का तेही पाहा.

सुरुवातीचा नियमही तितकाच काटेकोर हवा. बहुतेक जण अख्खी गोळी पाण्यात टाकतात, आणि पूड पाण्यावर भुरभुरवतात. पूड पाण्यावर तरंगते, तिच्या गुठळ्या होतात, आतला भाग कोरडाच राहतो. मग "कुटून फारसा फरक पडला नाही" असा उलटा निष्कर्ष निघतो. त्यापेक्षा दर वेळी उलट क्रम ठेवा: आधी कोरड्या ग्लासात गोळी, तुकडे किंवा पूड ठेवा, आणि मग मोजलेलं २०० मिलिलिटर पाणी साधारण तीन सेकंदांत त्यावर ओता. पाणी पहिल्यांदा लागलं त्या क्षणी घड्याळ सुरू.

त्यानंतर ग्लासाला हात लावायचा नाही. ढवळायचं नाही, हलवायचं नाही. गोळी पातळ झाली की बुडबुड्यांच्या जोरावर वर येऊन तरंगते, आणि मग तिला चमच्याने खाली ढकलण्याचा मोह होतो. तो टाळा. ढवळलं की गोळीजवळचं, विरघळलेल्या पदार्थाने भरलेलं पाणी दूर जातं आणि ताजं पाणी येतं. म्हणजे वेग वाढवणारी तिसरी गोष्ट चाचणीत शिरते.

तपासा: साध्या पाण्यात एक अख्खी गोळी टाकून दोघांनी स्वतंत्रपणे वेळ मोजा. दोघांच्या वेळांत चार-पाच सेकंदांपेक्षा जास्त फरक आला, तर शेवटचा क्षण दोघं वेगळा धरत आहेत. आधी ते जुळवा.

## टप्पा ४: पहिली तुलना, अख्खी, तुकडे आणि पूड

या टप्प्यात पाणी बदलायचं नाही. एका मोठ्या भांड्यात पाणी भरून ते खोलीच्या तापमानाला येऊ द्या आणि सगळ्या फेऱ्यांना तेच वापरा. आपण २५ अंश धरू.

आधी तीन अख्ख्या गोळ्या, एकेक करून. मग तीन गोळ्या, प्रत्येकीचे चार तुकडे करून. मग तीन गोळ्या, बारीक पूड करून. प्रत्येक प्रकारच्या तीन वेळांमधला मधला आकडा घ्या. सरासरी नको, कारण एखादी फेरी बिघडली की ती सरासरीला ओढते.

कुटायची पद्धत: गोळीचं वजन करा, जाड कागदाच्या घडीत ठेवा, वरून चमच्याने दाबत दाबत कुटा. चोळू नका, पूड कागदात रुतते. मग पूड ग्लासात ओता आणि कागद पुन्हा काट्यावर ठेवून किती पूड चिकटून राहिली ते पाहा. गोळी ४ ग्रॅमची असेल आणि ०.३ ग्रॅम कागदावर राहिली असेल, तर तुम्ही सात-आठ टक्के कमी माल पाण्यात टाकलाय. ०.१ ग्रॅमपेक्षा जास्त उरली तर ती फेरी धरू नका. आणि कुटल्यावर थांबू नका. पुडीला हवेतला ओलावा अख्ख्या गोळीपेक्षा कितीतरी लवकर लागतो.

आता समजा मधले आकडे असे आले: अख्खी गोळी ८० सेकंद, चार तुकडे ७० सेकंद, पूड २५ सेकंद. तुमचे आकडे गोळीप्रमाणे वेगळे येतील, पण घडण अशीच असेल. पुडीने वेळ तिपटीहून खाली आणला आणि चार तुकड्यांनी जेमतेम दहा सेकंद वाचवले. असं का?

हे हिशोब करून पाहण्यासारखं आहे. गोळीचा व्यास २५ मिलिमीटर आणि जाडी ५ मिलिमीटर धरू. वरचा आणि खालचा चेहरा मिळून सुमारे ९८० चौरस मिलिमीटर, कड सुमारे ३९० चौरस मिलिमीटर. एकूण पृष्ठफळ साधारण १३७० चौरस मिलिमीटर. पाणी फक्त एवढ्याच जागेला भिडू शकतं. आत दडलेल्या कणांना वरचे कण निघून जाईपर्यंत थांबावं लागतं.

गोळी मधोमध दोनदा तोडून चार तुकडे केले की तुटलेल्या बाजूंची नवी जागा मिळते. प्रत्येक तोडीला २५ गुणिले ५, म्हणजे १२५ चौरस मिलिमीटरच्या दोन बाजू. दोन तोडींच्या मिळून ५००. एकूण पृष्ठफळ झालं १८७० च्या आसपास. वाढ सव्वापटीपेक्षा थोडी जास्त. हातात चार तुकडे दिसतात म्हणून आपल्याला वाटतं जागा चौपट झाली, पण तशी ती झालेली नसते.

याहूनही महत्त्वाची गोष्ट जाडीची. चपटी गोळी मुख्यतः वरून आणि खालून झिजत जाते. पाच मिलिमीटरची जाडी दोन्ही बाजूंनी अडीच-अडीच मिलिमीटर झिजली की गोळी संपली. चार तुकडे केले तरी प्रत्येक तुकड्याची जाडी पाच मिलिमीटरच राहते. म्हणून घन कण दिसेनासा होण्याचा वेळ फारसा बदलत नाही. घन वस्तू कधी संपेल हे तिची सगळ्यात पातळ बाजू ठरवते. तुकडे करून वेळ वाचवायचा असेल तर ती बाजू कमी झाली पाहिजे, आणि ते कुटल्यानेच होतं.

आता पूड. अर्धा मिलिमीटर बाजूचे घन धरले तर त्याच गोळीचं पृष्ठफळ सुमारे २९,००० चौरस मिलिमीटर होतं, म्हणजे अख्ख्या गोळीच्या एकवीसपट. आणि प्रत्येक दाण्याला दोन्ही बाजूंनी पाव-पाव मिलिमीटरच झिजायचं असतं.

मग वेळ एकवीसपट कमी का झाला नाही? कारण हे पृष्ठफळ सगळंच्या सगळं पाण्याला मिळत नाही. ग्लासाच्या तळाशी पूड ढिगाने पडलेली असते, आतल्या दाण्यांपर्यंत पाणी पोहोचायला वेळ लागतो. काही दाणे फेसाबरोबर वर जाऊन काठाला चिकटतात. शिवाय सगळी पूड एकसारखी बारीक नसते, आणि आपण शेवटच्या कणाची वाट पाहत असतो. म्हणजे पुडीतल्या सगळ्यात जाड दाण्याचा वेळ आपण मोजतो. तुमच्या पुडीला ४० सेकंद लागले असतील तर आधी तिच्यात डाळीएवढे खडे राहिलेत का ते पाहा.

तपासा: पुडीचे तीन वेळ एकमेकांपासून फार लांब असतील (समजा २०, २५ आणि ४०), तर दोष कुटण्यात आहे. पूड बारीक गाळणीतून काढा, वर राहिलेले खडे पुन्हा कुटा, आणि फेरी परत घ्या.

## टप्पा ५: दुसरी तुलना, थंड, साधं आणि कोमट पाणी

आता गोळी अख्खीच ठेवायची आणि फक्त पाण्याचं तापमान बदलायचं: १०, २५ आणि ४० अंश. २५ अंशांचे आकडे आधीच हातात आहेत, म्हणून सहा गोळ्या पुरतात.

चाळीस अंशांचं पाणी भांड्यात तयार केलं म्हणजे ग्लासातही चाळीस असेल असं नाही. ग्लास खोलीच्या तापमानाचा असतो आणि पाणी ओतताच दोन-तीन अंश खाली येतं. थंड पाणी तसंच वर जातं. म्हणून आधी गोळी न टाकता एकदा ओतून पाहा. ४३ अंशांचं पाणी ओतल्यावर ग्लासात ४० भरत असेल तर ४३ ने सुरुवात करा. प्रत्येक फेरीनंतर ग्लासातलं तापमान पुन्हा मोजा आणि दोन्हींच्या मधला आकडा लिहा. थंड पाण्यासाठी बर्फ वापरलात तर ओतण्याआधी बर्फाचे सगळे तुकडे काढून टाका. बर्फ राहिला तर पाणी मोजलेल्या मापाचं राहत नाही, आणि तापमानही ग्लासात जागोजागी वेगळं असतं.

सावधान: ५० अंशांच्या वर जाऊ नका. फेस उसळून हातावर येतो, आणि वेळ इतका कमी होतो की बोटाने घड्याळ थांबवण्यातली चूकच मोठी ठरते. उकळत्या पाण्यात तर गोळी टाकूच नका.

समजा आकडे आले: १० अंशांना १३० सेकंद, २५ अंशांना ८० सेकंद, ४० अंशांना ५० सेकंद. म्हणजे दर १५ अंशांना वेग साधारण १.६ पट.

याचं नेहमीचं स्पष्टीकरण असं दिलं जातं की रेणू जोरात धावतात म्हणून जास्त टकरा होतात. हे अपुरं आहे, आणि हिशोब केला की लगेच उघडं पडतं. रेणूंचा सरासरी वेग निरपेक्ष तापमानाच्या वर्गमुळाप्रमाणे वाढतो. २५ अंश म्हणजे २९८ केल्विन आणि ४० अंश म्हणजे ३१३ केल्विन. त्यावरून वेग वाढतो फक्त अडीच टक्क्यांच्या आसपास. आपल्या गोळीने मात्र साठ टक्के वाढ दाखवली. उरलेली वाढ कुठून आली?

पहिलं कारण पाण्यातच आहे. पाणी तापलं की सैल होतं, त्याची घट्टाई कमी होते. २५ वरून ४० अंशांवर जाताना ती पाव भागाहून जास्त उतरते. गोळीच्या पृष्ठभागालगत विरघळलेल्या पदार्थाने भरलेला पाण्याचा पातळ थर असतो. तो थर दूर गेला की पुढचे कण सुटायला जागा होते. सैल पाण्यात हे कण लवकर दूर पसरतात.

दुसरं कारण ऊर्जेचं. घन पदार्थातून सुटायला कणाला ठरावीक ऊर्जा लागते, जणू उंबरठा ओलांडायचा असतो. सगळ्या कणांची ऊर्जा सारखी नसते, आणि उंबरठ्यापलीकडे जाण्याइतकी ऊर्जा एका वेळी थोड्याच कणांकडे असते. तापमान थोडं वाढलं की सरासरी ऊर्जा थोडीशीच वाढते, पण उंबरठा ओलांडू शकणाऱ्या कणांचं प्रमाण त्यामानाने बरंच जास्त वाढतं. तापमानाचा परिणाम आपल्या अपेक्षेपेक्षा मोठा दिसतो तो यामुळे.

इथे अनेकांना एक प्रश्न पडतो. "दर १० अंशांना वेग दुप्पट" असं शिकलेलं असतं, आणि तसं असतं तर १५ अंशांना जवळजवळ २.८ पट यायला हवं होतं. मग १.६ पट म्हणजे चाचणी चुकली का? नाही. दुपटीचा तो ठोकताळा उंच उंबरठा असलेल्या अभिक्रियांना लागू पडतो, आणि तिथेही तो ढोबळच असतो. आपण मोजतोय ते विरघळणं आणि पसरणं, आणि त्यांचा उंबरठा बुटका असतो. आकडा ओढूनताणून दुपटीवर आणू नका. जो आला तो लिहा.

## टप्पा ६: "गरम पाण्यात जास्त वायू" या चुकीची तपासणी

कोमट पाण्यात फेस जास्त दिसतो हे खरं आहे. ग्लासाच्या तोंडाशी फुगा लावून वायू गोळा केला तर फुगाही जास्त फुगतो. तरीही गोळीतून तयार झालेला वायू तितकाच असतो. सोडा तितकाच, आम्ल तितकंच, मग वायू जास्त येणार कुठून?

फरक पडतो तो पाण्यात राहिलेल्या वायूमुळे. नेहमीच्या हवेच्या दाबाइतक्या दाबाचा निव्वळ कार्बन डायऑक्साइड असेल, तर १० अंशांचं एक लिटर पाणी साधारण १.२ लिटर वायू मुरवून ठेवू शकतं, आणि ४० अंशांचं जेमतेम अर्धा लिटर. आपल्या २०० मिलिलिटर पाण्याला हा हिशोब लावला तर थंड ग्लास सुमारे २४० मिलिलिटर वायू पोटात ठेवू शकतो, कोमट ग्लास शंभराच्या थोडा वर. थंड ग्लासातला वायू नाहीसा झालेला नसतो, फक्त बाहेर आलेला नसतो.

तपासा: थंड पाण्याचा ग्लास, गोळी पूर्ण विरघळल्यावर, तासभर खोलीत राहू द्या. काठावर आणि तळावर बारीक बुडबुडे येत राहतील. मुरलेला वायू पाणी तापेल तसा बाहेर पडतोय.

कुटण्याबाबतही हेच लागू आहे. कुटलेली गोळी लवकर संपते, पण तिच्यातून वायू जास्त निघत नाही. नोंदवहीत "वेग" आणि "एकूण प्रमाण" हे दोन वेगळे रकाने ठेवले की हा गोंधळ होत नाही. वेग काढायचा असेल तर गोळीचं वजन भागिले वेळ करा. चार ग्रॅमची गोळी ८० सेकंदांत गेली तर सेकंदाला ०.०५ ग्रॅम, पूड २५ सेकंदांत गेली तर सेकंदाला ०.१६ ग्रॅम. हा सरासरी वेग आहे. सुरुवातीला पृष्ठफळ जास्त असतं म्हणून वेग जास्त असतो, आणि गोळी लहान होत जाते तसा तो उतरतो.

## मध्येच, पण महत्त्वाचं: घ्यायच्या औषधाच्या गोळ्या मनाने कुटू नका

चाचणीत जे पाहिलं तेच पोटातही घडतं. काही गोळ्या मुद्दाम अशा बनवलेल्या असतात की औषध बारा किंवा चोवीस तासांत हळूहळू सुटावं. ती गोळी कुटली की पृष्ठफळ एकदम वाढतं, हळू सोडणारी रचना मोडते आणि दिवसभराचं औषध थोड्याच वेळात अंगात उतरू शकतं. काही गोळ्यांवर जठरातल्या आम्लात न विरघळणारं आवरण असतं. औषध पुढे आतड्यात सुटावं, किंवा जठराला त्रास होऊ नये, यासाठी ते असतं. कुटल्यावर ते निरुपयोगी होतं. गिळायला त्रास होत असेल तर डॉक्टरांना किंवा औषध देणाऱ्या फार्मासिस्टना विचारा. बरेचदा तेच औषध द्रवरूपात मिळतं. गोळीच्या मधोमध रेघ असली तरी तिचा अर्थ कुटायला परवानगी असा होत नाही.

## टप्पा ७: दोन्ही एकत्र, पण अंदाज आधी लिहून

दोन बदल एकाच वेळी करणं सुरुवातीला चूक होती, कारण कशाने काय झालं ते कळलं नसतं. आता दोन्हींचे वेगळे आकडे हातात आहेत, म्हणून एकत्र करून पाहणं उपयोगाचं आहे. अट एकच: गोळी टाकण्याआधी अंदाज कागदावर लिहायचा.

पुडीने वेळ ८० वरून २५ वर आणला. कोमट पाण्याने ८० वरून ५० वर. दोन्ही परिणाम एकमेकांवर अवलंबून नसतील तर ते गुणले जातील: ४० अंशांत पुडीला २५ गुणिले ५० भागिले ८०, म्हणजे १६ सेकंदांच्या आसपास लागायला हवेत. तसंच १० अंशांत पुडीला २५ गुणिले १३० भागिले ८०, म्हणजे सुमारे ४१ सेकंद.

इथे एक प्रश्न स्वतःला विचारा: थंड पाण्यातली पूड आधी संपेल की कोमट पाण्यातली अख्खी गोळी? बहुतेकांचा कल कोमट पाण्याकडे असतो. आकडे सांगतात पूड ४१ सेकंदांत आणि अख्खी गोळी ५० सेकंदांत. निदान या गोळीपुरतं कुटणं तापवण्यावर मात करतं. दोन गोळ्या खर्चून हे करून पाहाच.

कोमट पाण्यातली पूड मात्र अंदाजापेक्षा उशिरा संपली, समजा २० किंवा २२ सेकंदांना, तर पद्धत चुकली असं लगेच समजू नका. आधी तीन गोष्टी पाहा. पाणी ओतायलाच तीन सेकंद जातात, आणि इतक्या कमी वेळात तो वाटा मोठा होतो. कोमट पाण्यात फेस झपाट्याने वर येतो आणि दाणे पाण्याबाहेर उचलून नेतो, तिथे ते जवळजवळ कोरडेच राहतात. आणि जाड खडे असतील तर शेवट तेच ठरवतात. ग्लासाच्या काठावर, फेसाच्या रेषेत, पांढरे किंवा रंगीत ठिपके दिसले तर कारण दुसरं आहे. अशा वेळी मोठा आणि पसरट ग्लास घ्या, म्हणजे फेस कमी चढतो. तळाशी शेवटपर्यंत एकच खडा धार सोडत राहिला असेल तर कारण तिसरं, आणि पूड पुन्हा गाळून घ्या.

एकदा विरघळलेल्या द्रावणाबाबत मात्र कुटण्याचा प्रश्नच उरत नाही. सगळे कण आधीच सुटे असतात, आणखी बारीक करण्यासारखं काही राहत नाही. तिथे वेग बदलायचा तर तापमान आहे, द्रावण घट्ट किंवा पातळ करणं आहे, ढवळणं आहे. एखाद्या नव्या चाचणीत काय बदलावं असा प्रश्न पडला, तर आधी भांड्यात घन पदार्थ शिल्लक आहे का ते पाहा. असेल तर त्याची सगळ्यात पातळ बाजू मोजा, आणि मगच कुटायचं की तापवायचं ते ठरवा.